तुकडा की पूर्ण? प्रवेश परीक्षेआधीच्या तीस दिवसांतील भूमितीचे एक प्रकरण

राज्य मंडळाची दहावी मार्चमध्ये संपते. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा साधारण एप्रिलमध्ये होते. मधल्या महिन्यात आठवी ते दहावीच्या गणिताची पुन्हा उजळणी करावी लागते. बोर्डाची भूमिती नुकतीच होऊन गेलेली असल्यामुळे हा भाग सोपा जाईल असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात इथेच गुण गळतात, कारण बोर्डाच्या पेपरात सिद्धता लिहायची असते आणि रचना काढायची असते, तर प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो आणि चुकला तर गुण वजा होतात.

या प्रकरणातला विद्यार्थी मराठी माध्यमाचा होता. गणित भाग 2 मध्ये त्याला चांगल्या गुणांची खात्री होती. बीजगणित आणि सामान्यज्ञान यांचा वेळ सोडून भूमितीसाठी रोज 90 मिनिटे मिळणार होती, म्हणजे महिन्याचे 45 तास. त्यातला निम्मा वेळ महत्त्वमापनाला द्यावा अशी त्याची इच्छा होती. "सूत्रं पाठ असली की ते गुण हमखास मिळतात, सर. प्रमेयं तर परवाच लिहून आलोय," हा त्याचा युक्तिवाद. पाठ्यपुस्तकातले एकही प्रमेय त्याला अडत नव्हते, त्यामुळे ऐकायला तो पटतही होता.

शिक्षकांनी वेळ वाटण्याआधी चाचणी घेतली. 60 मिनिटे, 36 प्रश्न: प्रमेयांवर आधारित 12, रचनांवर 12 आणि महत्त्वमापनाचे 12. प्रश्न पाठ्यपुस्तकातलेच होते. फरक एवढाच की आकृत्या फिरवलेल्या होत्या आणि अक्षरे बदललेली होती. त्रिकोणाचा पाया खाली नसून उजवीकडे, शिरोबिंदू A, B, C नसून M, K, R. प्रमेय समजले आहे की पान पाठ आहे, हे ओळखायला याहून स्वस्त उपाय नाही.

महत्त्वमापनात 12 पैकी 8 बरोबर आले, रचनांत 6 आणि प्रमेयांत 5. प्रमेयांचे चार प्रश्न कोरे होते. बाकी 13 उत्तरे चुकली. बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1 असा हिशेब लावला तर 144 पैकी 63.

तेरा चुका, पण आजार कमी

चुका प्रकरणांप्रमाणे मांडल्या असत्या तर "समरूपता कच्ची, वर्तुळ कच्चे, शंकुछेद कच्चा" अशी यादी झाली असती आणि तिच्यावर उपाय म्हणून तीनही प्रकरणे पहिल्या पानापासून वाचावी लागली असती. शिक्षकांनी प्रत्येक चुकीचे उत्तर कोणत्या वाटेने आले असेल ते उलटे शोधले. हे काम कंटाळवाणे असते. चाचणी धरून त्याला दोन दिवसांचे मिळून तीन तास गेले. पण तेरापैकी सात चुका एकाच जातीच्या निघाल्या, आणि त्या तिन्ही विभागांत पसरलेल्या होत्या.

पहिला नमुना साधा आहे. ΔABC मध्ये DE ही BC ला समांतर, AD = 3, DB = 6, BC = 12. तर DE किती? विद्यार्थ्याने 6 हा पर्याय निवडला होता. त्याने AD : DB = 1 : 2 घेतले आणि तेच गुणोत्तर DE : BC ला लावले. मूलभूत प्रमाणाचे प्रमेय AD : DB = AE : EC असे तुकड्यांचे गुणोत्तर सांगते, आणि ते त्याला तोंडपाठ होते. पण DE आणि BC यांची तुलना करायची तर ΔADE आणि ΔABC हे समरूप त्रिकोण घ्यावे लागतात, आणि तिथे AD च्या समोर DB नसते, पूर्ण AB असते. 3 : 9 म्हणजे 1 : 3, म्हणून DE = 4. पडताळायला एक वाक्य पुरते: DE जर 6 असती तर ती BC च्या निम्मी झाली असती, आणि मग D हा मध्यबिंदू असायला हवा होता; तो तर नाही.

दुसरा नमुना वर्तुळातला. बाह्यबिंदू P मधून PT ही स्पर्शिका आणि वर्तुळाला A, B मध्ये छेदणारी छेदिका. PA = 4, AB = 5. PT किती? त्याचे उत्तर 2√5 आले, म्हणजे 4 × 5 चे वर्गमूळ. प्रमेय PT² = PA × PB असे आहे, PA × AB असे नाही. PB = 9, म्हणून PT² = 36 आणि PT = 6. असा प्रश्न तयार करणारा 2√5 हा पर्याय मुद्दाम ठेवतो. तेव्हा आपले उत्तर पर्यायांत दिसले म्हणून ते बरोबर आहे असे मानायला जागा नाही.

तिसरा रचनेतला. दिलेल्या ΔABC शी समरूप ΔPBQ काढायचा आहे, BC : BQ = 5 : 3. BC शी लघुकोन करणाऱ्या किरणावर कमीत कमी किती समान भाग घ्यावे लागतील? त्याने 8 लिहिले. रेषाखंड 5 : 3 मध्ये विभागायचा असता तर 8 बरोबर, कारण तिथे 5 आणि 3 हे दोन्ही तुकडे आहेत. इथे 5 हा पूर्ण आहे आणि 3 हा त्याचाच भाग, म्हणून भाग पाचच. पाचवा बिंदू C ला जोडायचा आणि तिसऱ्यातून त्याला समांतर रेषा काढायची.

चौथा महत्त्वमापनातला, आणि तो सगळ्यात बोलका. शंकुछेदाच्या आकाराची बादली: वरची त्रिज्या 20 सेमी, तळाची 5 सेमी, उंची 20 सेमी. बादलीच्या बाजू खाली वाढवून शंकू पूर्ण केला, तर तळाखाली जोडल्या जाणाऱ्या लहान शंकूची उंची किती? त्याने ती x धरून 5/20 = x/20 मांडले आणि x = 5 काढले. पण 20 सेमी ही फक्त बादलीची उंची आहे. मोठ्या शंकूची उंची x + 20 आहे. म्हणून 5/20 = x/(x + 20), 4x = x + 20, x = 20/3. इथेही पडताळा सोपा आहे. x = 5 असेल तर 5 सेमी उंचीला 5 सेमी त्रिज्या, म्हणजे त्रिज्या उंचीइतकीच; मग एकूण 25 सेमी उंचीला त्रिज्या 25 यायला हवी होती, बादलीची तर 20 आहे.

चारही ठिकाणी तुकड्याच्या समोर पूर्ण ठेवायचा की उरलेला तुकडा, यात गफलत झाली आहे. म्हणून समरूपता दुरुस्त केली की शंकुछेदही बराचसा दुरुस्त होईल, आणि नुसती शंकुछेदाची सूत्रे घोकून ती चूक तशीच राहील, असा निष्कर्ष निघाला. विद्यार्थ्याला हवी असलेली वाटणी इथे मागे पडली.

उरलेल्या सहा चुकांपैकी दोन रचनेच्या आकृत्या वाचण्यातल्या होत्या, दोन विसरलेल्या पायऱ्यांच्या आणि दोन कोणते पृष्ठफळ घ्यायचे याच्या. निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती या चाचणीत नव्हती. तिथे विद्यार्थ्याचा हात बसलेला होता आणि ती बीजगणिताच्या वेळेत अधूनमधून होणार होती, म्हणून या नियोजनात तिचा विचार केलेला नाही.

वेळेची वाटणी

पहिले दोन दिवस चाचणी आणि चुकांच्या छाननीत गेले. तिसऱ्या ते बाराव्या दिवसापर्यंत रोज 60 मिनिटे सिद्धता आणि 30 मिनिटे महत्त्वमापन, रचना अजिबात नाही. तेराव्या ते अठराव्या दिवसापर्यंत 40 मिनिटे रचना, 30 सिद्धता, 20 महत्त्वमापन. एकोणिसाव्या दिवशी दुसरी चाचणी. विसाव्या ते पंचविसाव्या दिवसापर्यंत महत्त्वमापन 50, सिद्धता 25, रचना 15. शेवटचे पाच दिवस मिश्र पेपर आणि त्यांची दुरुस्ती. बेरीज केली तर सिद्धतेला साडेपंधरा तास, महत्त्वमापनाला बारा, रचनेला साडेपाच आणि चाचण्यांना बारा.

रचना उशिरा सुरू करण्याचे कारण असे की दहावीची प्रत्येक रचना म्हणजे एखाद्या प्रमेयाचा उपयोग असतो. वर्तुळकेंद्र न वापरता वर्तुळावरील बिंदूतून स्पर्शिका काढताना आपण त्या बिंदूतून जीवा काढतो, तिने दुसऱ्या बाजूला अंतर्लिखित केलेला कोन घेतो आणि तेवढाच कोन जीवेशी करतो. हे स्पर्शिका-छेदिका कोनाच्या प्रमेयाच्या व्यत्यासावर उभे आहे. ते प्रमेय ताजे नसेल तर रचना म्हणजे सात-आठ कंसांची पाठ केलेली मालिका उरते, आणि त्यातला एक कंस विसरला की सगळे अडते. महत्त्वमापन मात्र पहिल्या दिवसापासून थोडे थोडे ठेवले होते, कारण तिथे विसरते ती समज नव्हे, हात विसरतो.

सिद्धता: लिहिणे कमी, शोधणे जास्त

बहुपर्यायी परीक्षेसाठी सिद्धता कशाला, हा प्रश्न विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी विचारला. पर्यायांमध्ये सिद्धता विचारत नाहीत हे खरेच. पण कोरे सोडलेले चारही प्रश्न असे होते की आकृतीत कोणते दोन त्रिकोण बघायचे हेच सुचले नव्हते. सिद्धतेच्या सरावातून नेमकी तीच नजर तयार होते, मात्र सराव त्या हेतूने केला तर.

रोजच्या साठ मिनिटांत एकच सिद्धता पूर्ण लिहायची होती: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, प्रत्येक विधानापुढे कारण. आणखी चार-पाच आकृत्या फक्त तोंडी सोडवायच्या होत्या, म्हणजे कोणते त्रिकोण, कोणती कसोटी, कोणत्या बाजू, एवढेच बोलायचे. पूर्ण लिहिलेल्या सिद्धतेत "कारण" हा स्तंभ हाताने झाकून पुन्हा भरायचा. ज्या ओळीपुढे कारण सुचत नाही ती ओळ पाठांतरातून आलेली असते.

सगळ्यात उपयोगी पडली ती अक्षरांवरून त्रिकोण शोधण्याची रीत. साध्य PT² = PA × PB असे आहे समजा. ते गुणोत्तरात लिहा: PT/PA = PB/PT. आता फक्त अंशांतली अक्षरे बघा: P, T, P, B. वेगळी अक्षरे तीनच, P, T, B, म्हणजे एक त्रिकोण PTB. छेदांत P, A, P, T, म्हणजे दुसरा त्रिकोण PAT. हे दोन समरूप दाखवायचे आहेत हे आता ठरले. ∠P सामाईक आहे. दुसरा कोन शोधायचा: PT स्पर्शिका, TA जीवा, म्हणून ∠PTA आणि ∠PBT समान. कोको कसोटीने ΔPTB ~ ΔPAT. शिरोबिंदूंचा क्रमही गुणोत्तरातूनच मिळतो: PT च्या खाली PA आहे म्हणजे T ची जोडी A शी, आणि PB च्या खाली PT आहे म्हणजे B ची जोडी T शी.

तुकडा-पूर्णाची चूक या रीतीत आपोआप अडते. कोणी चुकून PT² = PA × AB घेतले तर गुणोत्तर PT/PA = AB/PT होते आणि अंशांत P, T, A, B अशी चार अक्षरे येतात. त्रिकोण तयारच होत नाही. ओळीत चार अक्षरे आली तर आधी गुणोत्तर दुसऱ्या प्रकारे मांडून पाहायचे, किंवा वरखालची अक्षरे एकत्र घेऊन त्रिकोण बनतो का ते बघायचे. इथे PT/PA मधल्या P, T, A चा त्रिकोण बनतो, पण AB/PT मधल्या A, B, P, T चा बनत नाही. तरीही जमले नाही तर साध्यातली एखादी बाजू तिच्याएवढ्याच दुसऱ्या बाजूने बदलावी लागते, उदाहरणार्थ एकाच बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिकाखंडांपैकी एकाच्या जागी दुसरा. कठीण म्हणवले जाणारे बरेच प्रश्न एवढ्या एका बदलाने सुटतात. मात्र क्षेत्रफळांच्या किंवा बेरजेच्या रूपातल्या साध्याला ही रीत लागू पडत नाही. अपोलोनियसच्या प्रमेयात AB² + AC² अशी बेरीज आहे. तिथे शिरोलंब टाकून पायथागोरस वापरायचा असतो.

या दहा दिवसांत एक नियम कडक पाळला गेला. आकृतीतल्या प्रत्येक रेषेवर लांबी लिहिताना ती कुठपासून कुठपर्यंत आहे ते कंसाने दाखवायचे. PA = 4 लिहिल्यावर त्याच रेषेवर बाहेरून PB = 9 सुद्धा लिहायचे, प्रश्नात दिलेले नसले तरी. सुरुवातीला विद्यार्थ्याला हे बालिश वाटले. सहाव्या-सातव्या दिवशी कंस काढायचे राहू लागले आणि त्याच दिवशी DE च्या जातीची चूक परत आली. नंतर वाद झाला नाही.

व्यत्यासांना दोन दिवस वेगळे दिले. तिथे अट गाळणे हीच नेहमीची चूक असते. दोन बिंदू एका रेषाखंडाशी समान कोन करत असतील तर चारही बिंदू एकवर्तुळी, हे खरे. पण ते दोन बिंदू त्या रेषेच्या एकाच बाजूला हवेत. पर्यायांत ही अट नसलेले वाक्य दिलेले असते आणि घाईत ते बरोबर वाटते.

रचना: उत्तर आधी, कंपास नंतर

रचनेच्या सरावात खरी अडचण ही की केलेली रचना बरोबर आहे का ते मुलाला स्वतःला कळत नाही. म्हणून मापे अशीच निवडली की उत्तर आधी गणिताने निघावे आणि मग पट्टीने तपासता यावे.

बाह्यबिंदूतून स्पर्शिका: त्रिज्या 2.4 सेमी, केंद्र O पासून P चे अंतर 7.4 सेमी. आधी हिशेब: 7.4² − 2.4² = 54.76 − 5.76 = 49, म्हणून स्पर्शिकाखंड 7 सेमी. मग रचना: OP चा लंबदुभाजक, मध्यबिंदू M, M केंद्र आणि MO त्रिज्या घेऊन वर्तुळ, ते पहिल्या वर्तुळाला जिथे छेदते ते A आणि B. PA, PB मोजा. दोन्ही 6.9 ते 7.1 च्या आत हवेत. दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकल्या तर बहुधा त्रिज्या किंवा OP चुकीची घेतली आहे, नाहीतर M मध्यावर नाही. एक बरोबर आणि एक चूक आली तर M हा OP रेषेवर नाही किंवा कंपासचा स्क्रू सैल आहे. स्वस्तातल्या कंपासपेटीत हे सर्रास होते, मोठा कंस फिरवताना पेन्सिलचा पाय हळूच उघडतो. पाय दाबून एकदा गोल फिरवावा आणि सुरुवातीच्या बिंदूवर परत येतो का ते पाहावे.

नववीची त्रिकोण रचना सगळे विसरलेले असतात. पाया, पायालगतचा एक कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिली असता त्रिकोण काढायचा. BC = 4 सेमी, ∠B = 90°, AB + AC = 8 सेमी घ्या. B वर 90° चा किरण काढून त्यावर BD = 8 घ्यायचा, DC जोडायची आणि DC चा लंबदुभाजक BD ला जिथे छेदतो तो A. A लंबदुभाजकावर असल्यामुळे AD = AC, म्हणून AB + AC = BD. पडताळा: हा 3-4-5 चा त्रिकोण आहे, AB बरोबर 3 सेमी आली पाहिजे. विद्यार्थ्याने पहिल्यांदा DC ऐवजी BC चा लंबदुभाजक काढला. तो BD ला समांतर गेला आणि A मिळालाच नाही. कोन 90° ऐवजी 60° असता तर तो किरणाला कुठेतरी छेदला असता, एक त्रिकोण मिळाला असता आणि चूक लक्षातही आली नसती. म्हणून सरावाला काटकोनाची उदाहरणे आधी घेतली.

बेरजेऐवजी फरक दिला असेल तर D किरणावर घ्यायचा की विरुद्ध किरणावर, एवढाच प्रश्न असतो. AB मोठी असेल तर D किरण BA वर, AC मोठी असेल तर विरुद्ध किरणावर. परीक्षेत बहुधा हेच विचारता येण्यासारखे आहे, म्हणून दोन्ही प्रकार एकाच कागदावर शेजारी शेजारी काढले.

पंधराव्या दिवशी विद्यार्थी कुरकुरला की परीक्षेत कंपास कुठे लागणार आहे. बहुपर्यायी पेपरासाठी त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. सोळाव्या दिवसापासून प्रत्येक प्रकारची एकच रचना कंपासने आणि बाकीच्या हातानेच कच्च्या आकृतीत, पायऱ्या बोलत, असा बदल केला. ज्या परीक्षेत रचना प्रत्यक्ष काढून गुण मिळतात तिथे हा बदल चालणार नाही आणि साडेपाच तासही पुरणार नाहीत. सिद्धतेतले निदान तीन-चार तास तिकडे वळवावे लागतील.

एकोणिसाव्या दिवशी काय दिसले

दुसऱ्या चाचणीत प्रमेये 5 वरून 9 वर गेली, रचना 6 वरून 8 वर. महत्त्वमापन 8 वरून 7 वर घसरले. तुकडा-पूर्णाची एकच चूक उरली होती. महत्त्वमापनाच्या पाच चुकांपैकी तीन मात्र एककांच्या आणि π च्या होत्या, ज्या पहिल्या चाचणीत नव्हत्या. वही चाळल्यावर कारण सापडले. शंकुछेदाची गोडी लागल्यामुळे आधीच्या सहा दिवसांतली वीस-वीस मिनिटे त्याने जवळजवळ त्याच आकारावर घालवली होती. घनसेंटिमीटरचे लिटर, मीटरचे सेंटिमीटर असा व्यवहार असणारी उदाहरणे झालीच नव्हती.

पुढच्या सहा दिवसांची उदाहरणे म्हणून वेगळी निवडली. एकच बादली पुरे झाली, वरचीच: त्रिज्या 20 आणि 5, उंची 20. घनफळ पूर्ण शंकूतून लहान शंकू वजा करून काढायचे. मोठ्याची उंची 80/3, लहानाची 20/3; (1/3)π(400 × 80/3 − 25 × 20/3) = 3500π. मग सूत्राने: (1/3)π × 20 × (400 + 25 + 100) = 3500π. दोन्ही जुळले की सूत्र कुठून येते ते कळते आणि त्यातला r₁ × r₂ हा मधला पद विसरला जात नाही. π = 3.14 घेतला तर 10990 घसेमी, म्हणजे जवळजवळ 11 लिटर.

आता पिंप: त्रिज्या 35 सेमी, उंची 90 सेमी. या बादलीने ते भरायला किती बादल्या लागतील? विद्यार्थ्याने पिंपासाठी 22/7 घेतले (35 दिसले की हात तिकडेच जातो), 346500 घसेमी काढले, त्याला 10990 ने भागले आणि 31.53 असे विचित्र उत्तर घेऊन बसला. π शेवटपर्यंत अक्षरच ठेवले असते तर 1225 × 90 / 3500 = 31.5, आकडेमोड चार ओळींची आणि π चा प्रश्नच नाही. आणि प्रश्न "किती बादल्या भरून ओताव्या लागतील" असा असेल तर उत्तर 32, कारण शेवटची अर्धी बादलीसुद्धा आणावीच लागते. पर्यायांत 31, 31.5 आणि 32 तिन्ही असू शकतात. दोन घनफळांचे गुणोत्तर येणार असेल तर π ची किंमत घालायचीच नाही, हा नियम तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर गेला.

पृष्ठफळाच्या चुकांवर उपाय असा: सूत्र लिहिण्याआधी ब्रशने रंगवता येतील अशा भागांची नावे लिहायची. 5 सेमी त्रिज्येच्या अर्धगोलावर 12 सेमी उंचीचा शंकू बसवलेला आहे. बाहेरून दिसतात दोनच भाग, शंकूचे वक्रपृष्ठ आणि अर्धगोलाचे वक्रपृष्ठ. तिरकस उंची 13. म्हणून 65π + 50π = 115π. शंकूचा तळ आणि अर्धगोलाची सपाट बाजू एकमेकांना चिकटलेली आहेत, ती कुठेच मोजायची नाहीत. दोघांची "एकूण पृष्ठफळे" मिळवणाऱ्याला 165π मिळते. आणि बादलीचे वक्रपृष्ठफळ काढताना उंची 20 न घेता तिरकस उंची घ्यायची: 20 आणि 15 वरून 25. पत्रा किती लागला हा प्रश्न असेल तर तळ धरायचा, झाकण नाही.

शेवटचे पाच दिवस

शेवटचा दिवस सोडून रोज एक मिश्र पेपर, 36 प्रश्न, 60 मिनिटे, उरलेल्या अर्ध्या तासात दुरुस्ती. इथे वजा गुणांचा हिशेब शिकवला. बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1 अशी पद्धत असेल, तर चारही पर्यायांत डोळे झाकून उत्तर दिल्यास सरासरी पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय खात्रीने कापता आला तर सरासरी दोन तृतीयांश होते, दोन कापले तर दीड. भूमितीत पर्याय कापायची सोय इतर विषयांपेक्षा जास्त आहे, कारण आकृती अंदाजे प्रमाणात काढता येते. DE ही BC च्या निम्म्याहून कमी दिसली पाहिजे, स्पर्शिकाखंड PA आणि PB च्या मधे असला पाहिजे, बादलीचे घनफळ 20 त्रिज्येच्या वृत्तचितीहून कमी आणि सरासरी त्रिज्येच्या, म्हणजे 12.5 च्या वृत्तचितीहून थोडे जास्त असले पाहिजे. ही शेवटची कसोटी नेहमी खरी ठरते. r₁ आणि r₂ वेगळे असले की शंकुछेद त्या वृत्तचितीहून नेमका πh(r₁ − r₂)²/12 एवढा जास्त भरतो. पण प्रश्नपत्रिकेत छापलेली आकृती प्रमाणात असेलच असे नाही. तिच्यावर डोळ्याने माप घेऊ नये. स्वतः काढलेल्या आकृतीवर घ्यावे.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या पेपरात 30 बरोबर, 4 चूक, 2 कोरे: 116 गुण. प्रमेयांत 10, रचनांत 9, महत्त्वमापनात 11. चार चुकांपैकी तीन शेवटच्या पंधरा मिनिटांतल्या होत्या, म्हणून एकोणतिसाव्या दिवशी पेपराचा क्रम बदलून पाहिला: आधी महत्त्वमापन न घेता प्रमेयांचे प्रश्न, कारण आकडेमोड थकलेल्या डोक्याने जमते, त्रिकोण शोधणे जमत नाही. त्या दिवशी चुका दोनवर आल्या. एका पेपरावरून क्रमाचाच परिणाम म्हणता येणार नाही, पण विद्यार्थ्याला तो सोयीचा वाटला आणि तोच ठेवला.

दोन गोष्टी या महिन्यात सुटल्या नाहीत. पूरक रेषा स्वतः टाकावी लागते असे वर्तुळाचे प्रश्न, म्हणजे दोन वर्तुळांची सामाईक जीवा जोडणे किंवा केंद्रातून जीवेवर लंब टाकणे, तो अजूनही पाहताक्षणी सोडून देत होता. आणि बाबाबा, बाकोबा या एकरूपतेच्या कसोट्यांतच कोणी अडखळत असेल, तर हे नियोजन त्याच्या उपयोगाचे नाही. त्याला तिसऱ्या दिवशी समरूपतेऐवजी नववीच्या "त्रिकोण" प्रकरणापासून सुरुवात करावी लागेल आणि रचनांचा बराचसा वेळ तिकडे जाईल. तिसाव्या दिवशी पेपर घेतला नाही. कारणांची वही एकदा चाळली, π चा नियम आणि आकृतीवरचे कंस पुन्हा बोलून घेतले, आणि दोन सामाईक जीवांच्या आकृत्या सोडवून वही बंद केली.